45 टक्के वाढ मिळूनही 42 टक्केवालीपेक्षा पगार कमी कसा?

सांजवारा

मी आणि माझी मैत्रीण, दोघी वेगवेगळ्या कंपन्यांत, पण सुरुवात एकाच वेळी आणि सारख्याच पगारावर केली. महिना 40,000. सहा वर्षं झाली. माझी पगारवाढ दरवर्षी अशी झाली: 10, 8, मग एक वर्ष सगळ्यांचाच पगार 20 टक्के कापला, पुढच्या वर्षी 25, नंतर 12 आणि 10. तिला दरवर्षी न चुकता 7 टक्के मिळाले, एकदाही जास्त नाही की कमी नाही.

बेरीज केली तर माझे 45 टक्के होतात (कपातीचे 20 वजा धरून) आणि तिचे 42. परवाच्या अप्रेजलमध्ये साहेबांनीही हेच सांगितलं, "सहा वर्षांत 45 टक्के, म्हणजे सरासरी साडेसात. आणखी काय हवं?" ते ऐकून मी गप्प बसले. घरी येऊन तिच्याशी बोलले तर तिचा पगार आज 60,029 आणि माझा 58,545. माझी वाढ जास्त आणि पगार कमी, हे कसं? आमच्या पगार विभागाची काही चूक असेल का? अजून वाढीच्या पत्रावर सही केलेली नाही, म्हणून विचारते.

निवांत

पगार विभागाकडे जरूर चौकशी करा. टक्के जोडणं तत्त्वतः बरोबर नाही हे मान्य, पण फरक फारच किरकोळ असतो. 3 आणि 4 टक्के जोडले तर 7, खरी वाढ 7.12. शंभरामागे बारा पैशांचा फरक. 45 आणि 42 ची अदलाबदल होईल इतकं त्यात काही नाही. कुठेतरी नवी वजावट सुरू झाली असणार, दोन वर्षांच्या पे-स्लिप शेजारी ठेवून बघा.

हिशेबनीस

चूक पगार विभागाची नाही. सांजवारा, तुमचा 58,545 हा आकडा तुम्ही दिलेल्या टक्केवारीतून पैशापैशाने जुळतो. टक्के बाजूला ठेवून एकेका वर्षाची रक्कम लिहून काढू, म्हणजे दिसेल.

40,000 वर 10 टक्के म्हणजे 44,000. आता पुढचे 8 टक्के 40,000 वर नाहीत, 44,000 वर आहेत. ते होतात 3,520. यातले 3,200 मूळ पगारावरचे आणि 320 गेल्या वर्षीच्या वाढीवरचे. हे 320 बेरजेत कुठेच येत नाहीत, कारण 10 अधिक 8 करताना दोन्ही टक्के एकाच रकमेचे आहेत असं आपण न बोलता धरून चालतो. पगार झाला 47,520.

आता कपात. 47,520 चे 20 टक्के म्हणजे 9,504. पगार आला 38,016 वर. पुढच्या वर्षी 25 टक्के वाढ. 38,016 चे 25 टक्के किती? तेही 9,504च. पगार परत 47,520. म्हणजे जेवढी रक्कम काढून घेतली तेवढीच परत दिली, एक पैसाही वर नाही. पण टक्क्यांच्या रकान्यात −20 आणि +25 असं दिसतं आणि बेरजेत 5 टक्के वाढ आपोआप तयार होते. ती वाढ तुम्हाला कधी मिळालेलीच नाही.

पुढे 12 टक्क्यांनी 53,222 आणि 10 टक्क्यांनी 58,545. एकूण खरी वाढ 46.4 टक्के.

मैत्रिणीचे 7 टक्के सहा वेळा एकावर एक चढले: 42,800, मग 45,796, 49,002, 52,432, 56,102 आणि 60,029. खरी वाढ 50.1 टक्के.

निवांत, तुमचं 3 आणि 4 चं उदाहरण बरोबर आहे, पण ते दोनच वर्षांचं आणि लहान टक्क्यांचं आहे. वर्षं वाढली की तो किरकोळ फरक फुगत जातो. मैत्रिणीच्या बाबतीत सहा वर्षांत तो 8 टक्के झाला. दरवर्षी 8 टक्के असे दहा वर्षं मिळाले तर बेरीज 80 येते आणि पगार प्रत्यक्षात 116 टक्क्यांनी वाढलेला असतो.

पगारी_माणूस

माझ्याबरोबर नेमकं हेच झालंय! पत्रात 12 टक्के वाढ लिहिली आणि महिन्याचा पगार जेमतेम 6 टक्क्यांनी वाढला. विचारलं तर म्हणाले वाढ बेसिकवर आहे. माझं बेसिक एकूण पगाराच्या निम्मं आहे. हासुद्धा चक्रवाढीचाच प्रकार ना?

हिशेबनीस

नाही, हे वेगळं आहे. तुमच्याकडे एकच वर्ष आहे, त्यामुळे चक्रवाढीचा प्रश्नच येत नाही. निम्म्या पगारावर 12 टक्के आणि उरलेल्या निम्म्यावर शून्य, म्हणून एकूण 6.

तरी एक गोष्ट या धाग्याला लागू पडते. वर्षावर वर्ष गुणत जायचं तर प्रत्येक टक्का त्याच्या आधीच्या पूर्ण रकमेवरचा असला पाहिजे. एका वर्षी बेसिकवरचे 12, दुसऱ्या वर्षी एकूण पगारावरचे 8, असे आकडे मिसळून गुणाकार केला तर उत्तर बेरजेइतकंच चुकेल. तुम्ही तुमचे 12 हे 6 धरूनच पुढे न्या.

सांजवारा

हिशेबनीस, खूप आभार. ते 9,504 दोन्हीकडे सारखे आले ते मी स्वतः करून बघितलं. कपातीच्या पुढच्या वर्षी 25 टक्के वाढ मिळाली तेव्हा आम्ही सगळे किती खूश झालो होतो!

पण एक शंका राहते. माझी बेरीज 45 आणि खरी वाढ 46.4. म्हणजे साहेबांनी तर मला कमीच सांगितलं. मग माझी तक्रार तरी काय राहते?

कोरी_पाटी

तुमच्या उदाहरणात दोन चुका आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट दिशेने ओढतात. कपात आणि भरपाईची दोन वर्षं काढून टाका. उरले 10, 8, 12, 10, बेरीज 40, आणि खरी वाढ याच चार वर्षांतून 46.4. इथे बेरजेने सव्वासहा टक्क्यांहून जास्त गाळले. मग कपातीच्या जोडीने नसलेले 5 घातले. योगायोगाने 45 हा आकडा खऱ्याच्या जवळ आला, म्हणून तो बरोबर वाटतो.

पण साहेबांचं खरं वाक्य 45 नाही, "सरासरी साडेसात" हे आहे. तुमचा पगार दरवर्षी खरोखर साडेसात टक्क्यांनी वाढला असता तर आज 61,732 असता. तो 58,545 आहे. दरवर्षी सारख्या दराने वाढून 40,000 चे सहा वर्षांत 58,545 व्हायचे तर तो दर 6.55 टक्के येतो. मैत्रिणीचा 7. तुलना करायची तर ती 6.55 आणि 7 ची. तुमचे साडेसात तिच्या सातपेक्षा जास्त दिसतात, पण साडेसात हा दर तुमच्या पगाराने कधी पाहिलेलाच नाही.

हे गमतीशीर आहे की बेरीज खऱ्या एकूण वाढीपेक्षा बहुधा कमी भरते, पण त्याच बेरजेला वर्षांनी भागलं की आलेली सरासरी खऱ्या वार्षिक दरापेक्षा जास्त निघते. टक्के वर्षागणिक जितके वरखाली, तितकं हे अंतर मोठं. सगळी वर्षं सारखी असतील तरच सरासरी आणि खरा दर एक येतात, जसे मैत्रिणीचे.

स्प्रेडशीटमध्ये B2 ते B7 मध्ये टक्के लिहा (कपात −20% अशी) आणि हे टाका:

```
=FVSCHEDULE(40000,B2:B7)
=RRI(6,40000,58545)
```

पहिल्या ओळीचं उत्तर 58544.64, म्हणजे आजचा पगार. दुसरीचं 0.0655, म्हणजे वार्षिक दर. पगार विभाग खरंच चुकला असता तर पहिली ओळ तुमच्या पे-स्लिपशी जुळली नसती. शंका आली की आधी हीच पडताळणी करावी.

मधली_सुट्टी

मी बरीच वर्षं एचआरमध्ये आहे, म्हणून हा 45 कुठून येतो ते सांगते. पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची एक ओळ असते: तारीख, जुना पगार, नवा पगार, बदल टक्क्यांत. अप्रेजलच्या आधी मॅनेजर ही यादी मागवतो आणि शेवटच्या रकान्याखाली बेरीज टाकतो. यात बहुतेक वेळा कुणाचा वाईट हेतू नसतो. शेजारच्या रकान्यात जुना आणि नवा पगार छापलेलाच असतो, पण नजर टक्क्यांवर जाते.

कपात मागे घेतली की सॉफ्टवेअर तिला "25 टक्के बदल" म्हणूनच नोंदवतं. त्याला ती वाढ आहे की परतफेड हे कळत नाही. काही ठिकाणी बदलाचं कारण लिहायची सोय असते आणि तिथे "वेतन पूर्ववत" असं लिहिलेलं असतं. सांजवारा, तुमच्या त्या वर्षीच्या पत्रात काय शब्द आहेत ते बघा. "पूर्ववत" असेल तर कंपनीनेच मान्य केलंय की ती वाढ नव्हती.

आणि याहून वाईट प्रकारही मी पाहिला आहे. 20 टक्के कापले म्हणून पुढच्या वर्षी 20 टक्के परत दिले. ऐकायला अगदी चोख. पण 47,520 वरून 38,016 आणि त्यावर 20 टक्के म्हणजे 45,619. दरमहा 1,901 कायमचे गेले आणि पुढची प्रत्येक वाढ त्या कमी रकमेवर बसत राहिली. लोकांच्या हे लक्षात येत नाही, कारण वजा वीस अधिक वीस शून्य होतं. ज्यांच्या पगारात कपात होऊन गेली आहे त्यांनी कपातीआधीची शेवटची पे-स्लिप आणि भरपाईनंतरची पहिली, या दोन्हींवरचा आकडा ताडून बघावा.

निवांत

बरोबर, कपात असेल तर माझं गणित लागू पडत नाही. पण मग यातून एक साधा नियम निघतो ना? टक्क्यांची बेरीज सारखीच असेल तर समान वाढ सगळ्यात चांगली. तीन वर्षं 10, 10, 10 मिळाले तर 100 चे 133.1 होतात, आणि 20, 5, 5 मिळाले तर 132.3. म्हणजे मोठी उडी मागण्यापेक्षा सातत्य मागावं.

हिशेबनीस

शेवटच्या पगारापुरतं हे खरं आहे. पण माणूस शेवटच्या महिन्याचा पगार घेऊन जगत नाही, मधल्या सगळ्या महिन्यांचाही घेतो.

40,000 पासूनच बघू. 10-10-10 मध्ये तीन वर्षांचे पगार 44,000, 48,400 आणि 53,240. 20-5-5 मध्ये 48,000, 50,400 आणि 52,920. शेवटी दुसरा माणूस महिना 320 ने मागे आहे. पण तीन वर्षांत त्याच्या हातात आलेली एकूण रक्कम 68,160 ने जास्त आहे. पुढे दोघांना सारखीच वाढ मिळत राहिली तर त्या 320 च्या तुटीने ही आघाडी संपायला दहाएक वर्षं जातील.

तेच तीन टक्के उलट क्रमाने, 5-5-20 असे मिळाले तर शेवटचा पगार पुन्हा 52,920च. गुणाकारात क्रमाने फरक पडत नाही. पण मोठी वाढ शेवटी आल्यामुळे तीन वर्षांची कमाई 20-5-5 वाल्यापेक्षा 1,47,600 ने कमी. दोघांच्या बायोडेटावर "तीन वर्षांत 32.3 टक्के" हीच ओळ असेल.

म्हणून सातत्य मागावं असा नियम मी काढणार नाही. मोठी वाढ मिळणार असेल तर ती लवकर मिळावी, एवढंच यातून निघतं.

सांजवारा

मग याच पद्धतीने माझी आणि मैत्रिणीची सहा वर्षांची एकूण कमाईही मोजता येईल. मी मोजली. कपातीच्या वर्षी ती 49,002 वर होती आणि मी 38,016 वर. सहा वर्षांत तिच्या हातात माझ्यापेक्षा साधारण 2,08,000 जास्त आले. आजच्या पगारात फरक दीड हजारांचासुद्धा नाही, म्हणून मला वाटत होतं प्रकरण लहान आहे.

पहिल्या दोन वर्षांत मी तिच्या पुढे होते हेही दिसलं. तिसऱ्या वर्षानंतर पुन्हा कधी पुढे गेले नाही.

रानपाखरू

महागाईचं कुणीच बोलत नाही. 45 मधून सहा वर्षांची महागाई वजा करा आणि बघा काय उरतं ते. टक्केवारी गुणा नाहीतर जोडा, शेवटी हातात काही राहत नाही.

कोरी_पाटी

महागाई धरलीच पाहिजे, पण वजा करून नाही. तीसुद्धा वर्षावर वर्ष चढते. समजा किमती दरवर्षी 5 टक्क्यांनी वाढल्या. सहा वर्षांत त्या 30 नाही, 34 टक्क्यांनी वर गेल्या. आता सांजवाराच्या पगाराचे 100 चे 146.4 झाले आणि किमतींचे 100 चे 134. पहिल्याला दुसऱ्याने भागायचं: 1.092. म्हणजे सहा वर्षांपूर्वीच्या पगारात जे येत होतं त्याच्यापेक्षा आज 9.2 टक्के जास्त येतं.

नुसती वजाबाकी केली तर 45 वजा 30, उत्तर 15. गुणाकार करून मग वजाबाकी केली, 46.4 वजा 34, तर 12.4. दोन्ही उत्तरं खऱ्यापेक्षा बरीच मोठी. मैत्रिणीचं याच पद्धतीने 12 टक्के येतं. म्हणजे खरेदीच्या ताकदीत एक 9.2 आणि दुसरी 12.0, हे अंतर 46.4 आणि 50.1 पेक्षा जास्त टोचतं.

5 टक्के हा आकडा मी नुसता मांडणीसाठी घेतलाय. प्रत्येकाने आपापल्या ठिकाणचा निर्देशांक घ्यावा. सुरुवातीच्या महिन्याचा आणि आजच्या महिन्याचा, एवढे दोनच आकडे पुरतात, मधल्या वर्षांच्या महागाईची टक्केवारी लागतच नाही.

तिसरी_घंटा

माझ्याकडे वाढी दर बारा महिन्यांनी येत नाहीत. पहिली बारा महिन्यांनी आली, दुसरी तब्बल अठरा महिन्यांनी, 12 टक्के. साहेब म्हणाले, "यंदा 12 दिले, गेल्या वेळी 9 होते." हे 12 त्या 9 शी कसे ताडायचे? दीडने भागून 8 धरू का?

कोरी_पाटी

भागून 8 येतात ते थोडे जास्त होतात. अठरा महिन्यांत 1.12 पट, तर बारा महिन्यांत 1.12 चा दोन-तृतीयांश घात, म्हणजे 1.0785. वार्षिक 7.85 टक्के. एवढ्या लहान काळात 8 आणि 7.85 मध्ये भांडण्यासारखं काही नाही. महत्त्वाचं हे की तुमची वाढ 9 वरून 12 वर गेली नाही, 9 वरून आठच्याही खाली आली. शिवाय ते सहा महिने जुन्याच पगारात काढले, ते या टक्क्यात कुठेच दिसत नाही.

मधली_सुट्टी

सांजवारा, साहेबांशी बोलताना एक करा. टक्क्यांवरून वाद घालू नका. "तुमची सरासरी चूक आहे" म्हटलं की माणूस आपली सरासरी वाचवायला लागतो. एका कागदावर दोनच आकडे न्या: कपातीच्या आधीचा पगार 47,520 आणि आजचा 58,545. मधली चार वर्षं. चार वर्षांत 23.2 टक्के, वर्षाला साडेपाचच्याही खाली. हे त्यांच्याच यादीतल्या जुन्या-नव्या पगाराच्या रकान्यांत आहे, त्यामुळे नाकारता येणार नाही.

हिशेबनीस

मधली_सुट्टी, आकडे बरोबर आहेत, 5.4 टक्के येतात. पण कपातीच्या आधीपासून मोजायला सुरुवात केली की दर मुद्दाम कमी दिसतो, आणि समोरचा उद्या कपातीच्या वर्षापासून मोजेल. 38,016 पासून 58,545 म्हणजे तीन वर्षांत 54 टक्के, वर्षाला साडेपंधरा! गुणाकार दोन्हीकडे अचूक आहे, सुरुवात कुठून धरली एवढाच फरक. मी असतो तर रुजू झाल्यापासूनचे 6.55 च सांगितले असते आणि कपातीचं वर्ष वेगळं दाखवलं असतं.

मधली_सुट्टी

तुमचा मुद्दा समजतो, पण पटत नाही. कपातीच्या वर्षापासून मोजणं आणि कपातीच्या आधीपासून मोजणं हे सारखं नाही. 47,520 हा तिने कमावलेला पगार होता, 38,016 हा लादलेला. कपातीआधीचा शेवटचा ठरलेला पगार हीच पायरी धरावी असं मला तरी वाटतं.

सांजवारा

त्या वर्षीचं पत्र सापडलं. "वेतन पूर्ववत करण्यात येत आहे" असंच लिहिलंय, 25 टक्के हा आकडा पत्रात नाहीच, तो फक्त ऑनलाइन यादीत आहे. सोमवारी साहेबांना भेटते आहे. सहाही वर्षांचे पगार रकमेत लिहून नेते, त्यात 6.55 लिहिते आणि कपातीच्या दोन ओळींपुढे पत्रातलं वाक्य लिहिते. सुरुवात कुठून धरायची हे अजून ठरत नाहीये.

त्या कपातीच्या वर्षात जे 9,504 दरमहा गेले, म्हणजे वर्षाचे 1,14,048, ते मागायचे की नाही? कुणी मागून मिळवलेत का?